कोऱ्या नकाशावर समदाब रेषा

पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात एक ओळ जवळजवळ रोज असते. मॉन्सूनचा आस श्रीगंगानगरपासून दिल्ली, लखनौ असं करत बंगालच्या उपसागरापर्यंत गेला आहे, आणि दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट ‘मुसळधार पावसाचा इशारा’ या शब्दांकडे जातात. खरं तर ती ओळ म्हणजे हवामान खात्यातल्या माणसाने समोरच्या नकाशाकडे पाहून केलेलं त्याचं वर्णन असतं. नकाशा त्याच्या टेबलावर राहतो आणि आपल्यापर्यंत फक्त वाक्य येतं. चित्र छापलेलं नसेल, मोबाईलची रेंज नसल्याने उघडत नसेल, किंवा बातमी नुसती रेडिओवर ऐकली असेल, तरी भारताचा एक कोरा नकाशा आणि पेन्सिल यांच्या मदतीने ते चित्र बऱ्यापैकी परत काढता येतं.

हवामानाच्या नकाशावर मुळात दोन गोष्टी असतात, ठिकठिकाणचा हवेचा दाब आणि ठिकठिकाणचा वारा. सारख्या दाबाची ठिकाणं जोडली की समदाब रेषा तयार होते. म्हणजे रेषा हा आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे. आकडे हातात असतील तर तो निष्कर्ष आपणही काढू शकतो. आकडे मिळण्याची सोपी जागा म्हणजे विमानतळ. प्रत्येक मोठा विमानतळ वैमानिकांसाठी तासा-अर्ध्या तासाने एक सांकेतिक ओळ प्रसिद्ध करतो. तिला मेटार म्हणतात आणि ती कुणालाही वाचता येते. जुलैतल्या एखाद्या सकाळी मुंबईची ओळ साधारण अशी दिसेल:

```
VABB 120300Z 27014KT 3500 -RA SCT012 BKN080 27/25 Q1005 NOSIG
```

आपल्याला यातले चारच तुकडे हवेत. `VABB` म्हणजे मुंबई विमानतळ. `120300Z` म्हणजे १२ तारीख, ग्रिनिचचे तीन वाजले आहेत, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. `27014KT` मध्ये पहिले तीन अंक वाऱ्याची दिशा सांगतात. उत्तर म्हणजे ३६०, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. पुढचे दोन अंक वेग, १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. आणि `Q1005` हा समुद्रसपाटीला आणलेला दाब, १००५ हेक्टोपास्कल. जुन्या लोकांच्या तोंडी याला मिलीबार हा शब्द आहे. एकक तेच आहे, नाव तेवढं बदललं.

वाऱ्याच्या दिशेबाबत एक सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी लागते. हवामानशास्त्रात वारा जिथून येतो ती त्याची दिशा. २७० म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. टीव्हीवरच्या रंगीत बाणांमुळे वारा जिकडे जातो तिकडे लक्ष जातं आणि मग मजकूर वाचताना सगळंच उलटं होतं. मला ते हलते बाण फारसे आवडत नाहीत, त्याचं हे एक कारण.

आता एक काल्पनिक पण जुलै महिन्याला साजेसा दिवस घेऊ. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि किनाऱ्यावरून हे आकडे मिळालेत: तिरुवनंतपुरम १०११, पणजी १००८.५, रत्नागिरी १००७, मुंबई १००५.५, वेरावळ १००३. आपल्याकडच्या नकाशांवर रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात, म्हणजे १००४, १००६, १००८ अशा. १००८ची रेषा पणजी आणि रत्नागिरीच्या मधून कुठून तरी जाणार हे उघड आहे. नेमकी कुठून? पणजी ते रत्नागिरी दाब दीडने उतरतो, त्यातला अर्धा उतरला की १००८ येतो. म्हणजे पणजीपासून एक तृतीयांश वाट. ते अंतर साधारण १६५ किलोमीटर आहे, तेव्हा पणजीच्या उत्तरेला ५५ किलोमीटरवर, मालवणच्या आसपास, पेन्सिलने एक खूण करायची. त्याच हिशेबाने १००६ची रेषा रत्नागिरी ते मुंबई या वाटेच्या दोन तृतीयांशावर, मुरूड-जंजिऱ्याजवळ येते. १००४ची रेषा मुंबई आणि वेरावळच्या मध्ये, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी कुठेतरी.

इथे बरेच जण थांबतात आणि मालवणपासून सरळ उजवीकडे आडवी रेघ ओढतात. नेमकी तिथेच चूक होते. एका किनाऱ्यावरच्या आकड्यांवरून रेषा किनाऱ्याला कुठे छेदते तेवढंच कळतं, ती पुढे कुठे वळते ते कळत नाही. त्यासाठी आतल्या भागाची आणि पूर्व किनाऱ्याची ठिकाणं लागतात. समजा चेन्नई १००५.५ आणि हैदराबाद १००५ आहे. चेन्नई मुंबईच्या जवळपास सहा अंश दक्षिणेला, तरी दाब मुंबईएवढाच! म्हणजे मुरूडपासून निघालेली १००६ची रेषा सरळ पूर्वेला जात नाही. ती हैदराबादच्या बरीच दक्षिणेकडून, उतरत उतरत चेन्नईच्या थोडी अलीकडे पोहोचते. रेषा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी झाली. जुलैमधल्या द्वीपकल्पावरच्या रेषा साधारण अशाच तिरक्या असतात, कारण उन्हाळ्यापासून राजस्थान-सिंधवर बसलेला कमी दाब आणि बंगालच्या उपसागराच्या टोकाचा कमी दाब, दोघेही उत्तरेच्या बाजूला असतात आणि त्यांना जोडणारा मॉन्सूनचा आसही तसाच वायव्य-आग्नेय कलतो. त्याची सर्वसाधारण जागा श्रीगंगानगर, प्रयागराज, कोलकाता अशी आहे. वर्तमानपत्रातली ओळ आठवली असेल. त्या गावांची नावं नकाशावर शोधून त्यांवरून एक तुटक रेघ ओढली की सगळ्यात कमी दाबाची घळ कुठे आहे ते कळतं, आणि आपल्या बाकीच्या रेषा तिच्याशी सुसंगत आहेत की नाहीत हेही तपासता येतं.

आता वारा. दाब जिथे जास्त तिथून कमी दाबाकडे हवा सरळ जाईल, असं शाळेत शिकलेलं असतं. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळत जाते. शेवटी ती कमी दाबाकडे सरळ न जाता रेषांच्या जवळजवळ समांतर वाहू लागते. याचा व्यवहारी नियम डच हवामानशास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. दाबावरून वारा काढता येतो आणि वाऱ्यावरून दाब.

आपल्या रेषेवर हे लावून पाहू. रेषा वायव्य-आग्नेय, कमी दाब तिच्या ईशान्येला. कमी दाब डाव्या हाताला ठेवायचा तर तोंड आग्नेयेकडे करावं लागतं, म्हणजे पाठीवर येणारा वारा वायव्येचा. पण मुंबईची नोंद सांगते २७०, शुद्ध पश्चिम. नियम चुकला का? नाही. जमीन आणि समुद्र यांच्या घर्षणामुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि रेषा तिरकी ओलांडून थोडा कमी दाबाकडे झुकतो. मोकळ्या समुद्रावर हा झुकाव १०-२० अंशांचा असतो, जमिनीवर ३० किंवा त्याहून जास्त. वायव्येचा वारा ३०-४० अंश झुकला की पश्चिमेचा होतो. आकडा जुळला. आपण काढलेली तिरकी रेषा बरोबर असावी याचा हा पुरावा आहे, आणि तो आपल्याला दाबाच्या आकड्यांनी दिलेला नाही. आडवी रेघ ओढली असती तर रेषेलगतचा वारा पश्चिमेचा आला असता आणि घर्षणाने तो नैर्ऋत्येकडे सरकला असता. मग २७०शी मेळ बसला नसता.

रेषांमधलं अंतर वेग सांगतं, रेषा जवळजवळ असतील तर वारा जोराचा. हेही सगळ्यांना माहीत असतं. पण यात अक्षांशाची एक भानगड आहे, आणि युरोपात छापलेलं पुस्तक वाचून शिकणारे इथे हमखास फसतात. आपल्या उदाहरणात १००८ आणि १००६ या रेषा काटकोनात मोजल्या तर सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहेत. घर्षण नसतं तर कोकणच्या अक्षांशावर एवढ्या अंतराला ताशी सुमारे ७० किलोमीटर वारा येतो. जमिनीलगत त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा उरतो, म्हणून मुंबईला २६. हेच अंतर लंडनच्या नकाशावर असेल तर घर्षणाशिवायचा वारा ताशी पंचवीस-सत्तावीसच निघेल. विषुववृत्ताकडे जावं तसतसा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम कमी होत जातो, आणि त्याच दाबफरकाला जास्त वारा लागतो. म्हणून आपल्याकडे एक-दोन हेक्टोपास्कलसुद्धा क्षुल्लक समजायचे नाहीत. विषुववृत्ताच्या पाच-सात अंशांच्या आत तर समदाब रेषांवरून वारा काढण्यात अर्थच उरत नाही. तिरुवनंतपुरम त्या सीमेच्या जवळ असल्याने तिथला वारा नियमाशी फटकून वागला तर नवल मानू नये.

एक-दोन हेक्टोपास्कलला एवढं महत्त्व आहे म्हटल्यावर आकडे गोळा करताना दोन खोडी सांभाळाव्या लागतात. पहिली वेळेची. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, वादळ असो वा नसो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. सकाळच्या दहापासून दुपारच्या चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल सहज उतरतात. आपल्या उदाहरणात रत्नागिरी आणि मुंबईतला फरक दीडचा होता. रत्नागिरीचा आकडा सकाळचा आणि मुंबईचा दुपारचा घेतला तर नकाशावर एक अख्खी जास्तीची रेषा उगवेल. ती खरी वाटते, पण ती फक्त घड्याळाची असते. सगळे आकडे एकाच वेळेचे घ्यायचे. हवामान खातं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या वेळा धरतं, आपणही त्या धराव्यात.

दुसरी खोडी उंचीची. समुद्रसपाटीजवळ दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पुण्यात मोबाईलमधला दाबमापक पावसाळ्यात ९४०च्या घरातला आकडा दाखवतो. तो नकाशावर टाकला तर पुण्यावर जगातलं सर्वांत भीषण चक्रीवादळ बसलेलं दिसेल. म्हणून सगळे आकडे समुद्रसपाटीला आणलेले हवेत. मेटारमधला `Q` हा आकडा तसा आणलेला असतो, पण तो आणताना हवेचं तापमान ठरावीक प्रमाण वातावरणातलं धरतात. पुण्याची खरी हवा त्यापेक्षा बरीच उबदार असते, तेव्हा तिथला `Q` खऱ्या समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा दोन-तीन हेक्टोपास्कलने जास्त येतो. शिवाय मेटारमध्ये अपूर्णांक सोडून देतात, १००५.५ असेल तर १००५ छापतात. याचा सरळ अर्थ असा की रेषांचा सांगाडा किनाऱ्यावरच्या आणि सखल ठिकाणांवरून उभा करायचा. उंचावरच्या ठिकाणांचा दाब बाजूला ठेवायचा, वारा मात्र जरूर पाहायचा.

वाऱ्याच्याही लबाड्या असतात, पण त्या ओळखता येतात. जानेवारीतल्या शांत सकाळी कोकणातला वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारी तोच समुद्राकडून येतो. हे मतलई आणि खारे वारे. मोठ्या नकाशावरच्या रेषांशी त्यांचा संबंध नसतो. पाच-सहा नॉटपेक्षा कमी वारा असेल, किंवा दिवसातून उलटसुलट होत असेल, तर त्यावरून कमी दाब शोधायला जाऊ नये. सह्याद्रीच्या खिंडीतल्या आणि दरीतल्या गावांचाही वारा डोंगर ठरवतो. पावसाळ्यातला दहा-पंधरा नॉटचा, तासन्‌तास एकाच दिशेने वाहणारा वारा मात्र विश्वासू असतो.

दाबाचे आकडे फारसे नसतील तर नुसत्या वाऱ्यावरून चित्र किती उभं राहतं, याचा सगळ्यांत मोठा दाखला कोलकात्यातलाच आहे. हेन्री पिडिंग्टन हे तिथल्या सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. १८३९ पासून त्यांनी बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करायला सुरुवात केली. कुठलं जहाज कुठल्या वेळी कुठे होतं आणि त्याला वारा कुठून लागत होता, एवढ्यावरून ते वादळाचं केंद्र आणि त्याची वाट काढत. १८४८ मध्ये त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्यासोबत शिंगाचे पारदर्शक पत्रे दिले. पत्र्यावर वर्तुळं आणि त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या. कप्तानाने तो पत्रा आपल्या सागरी नकाशावर ठेवायचा आणि आपल्याला लागणारा वारा पत्र्यावरच्या ज्या जागेशी जुळेल तिथे आपलं जहाज आहे असं समजायचं. म्हणजे वर्तुळाचं केंद्र आपोआप सापडतं. उपग्रह, तार, रेडिओ यांतलं काहीही नसताना, भर समुद्रात, एकट्या जहाजावर.

तोच पत्रा ३ जून २०२० या दिवसावर ठेवून पाहू. निसर्ग चक्रीवादळ त्या सकाळी कोकणासमोरच्या समुद्रात होतं, मुंबईच्या दक्षिण-नैर्ऋत्येला आणि रत्नागिरीच्या पश्चिम-वायव्येला. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून ईशान्येकडे आत शिरलं. एवढं वाक्य पुरेसं आहे. केंद्र दक्षिण-नैर्ऋत्येला असताना ते डाव्या हाताला ठेवलं आणि आतला झुकाव धरला की मुंबईचा वारा पूर्वेचा येतो. केंद्र किनाऱ्यावर पोहोचून मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेला आलं की वारा ईशान्येचा होतो, आणि पुढे केंद्र पूर्वेला सरकलं की उत्तरेचा. रत्नागिरीला मात्र सकाळी दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा आणि केंद्र उत्तरेला गेल्यावर पश्चिम-नैर्ऋत्येचा. एकाच वादळात मुंबईचा वारा घड्याळाच्या उलट फिरला पाहिजे आणि रत्नागिरीचा घड्याळाप्रमाणे.

हा फिरण्याचा फरक हाती आला की वादळाच्या वाटेची कुठली बाजू आपल्या वाट्याला आली ते नकाशाशिवाय कळतं. उत्तर गोलार्धात वारा घड्याळाप्रमाणे फिरत असेल तर आपण वाटेच्या उजव्या बाजूला आहोत, उलट फिरत असेल तर डाव्या. दिशा न बदलता नुसता जोर वाढत असेल आणि दाब उतरत असेल तर केंद्र सरळ आपल्याकडे येत आहे. उजवी बाजू जास्त वाईट, कारण तिथे वादळाचं फिरणं आणि त्याची पुढची चाल एकाच दिशेने असतात, त्यांची बेरीज होते, आणि कोकणात त्या बाजूचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलत येतो. निसर्गने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांची छपरं उद्ध्वस्त केली. डाव्या बाजूला राहिलेली मुंबई त्या मानाने थोडक्यात सुटली. जमिनीकडून येणारा पूर्वेचा आणि ईशान्येचा वारा समुद्राला आत ढकलत नव्हता.

अशा काढलेल्या नकाशाला मर्यादा आहेत. चार-दोनशे किलोमीटरच्या रचना त्यात दिसतात, त्याहून लहान दिसत नाहीत. किनाऱ्याला समांतर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यात कधी कधी शे-सव्वाशे किलोमीटरचा छोटा भोवरा तयार होतो आणि एखाद्या तालुक्यात रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस पाडतो. तो आपल्या दोन ठिकाणांच्या मधून निसटून जाईल. फार तर एखाद्या किनारी ठिकाणी भर पावसाळ्यात पश्चिमेऐवजी पूर्वेचा मंद वारा नोंदला गेलेला दिसेल. तसा दिसला तर ती नोंद चुकीची म्हणून खोडू नका, शेजारच्या दोन ठिकाणांची पुढच्या तासाची नोंद पाहा. समुद्रावर तर नोंदी फारच विरळ असतात, आणि बोट बाहेर काढायची की नाही हे घरच्या पेन्सिलरेषेवर कुणीही ठरवू नये. त्यासाठी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आहे.

करून पाहायचं असेल तर जुलै महिना निवडा, त्यात वारा स्थिर असतो आणि रेषा स्वच्छ येतात. किनाऱ्यावरची पाच-सहा ठिकाणं, आत हैदराबाद, पलीकडे चेन्नई, सगळ्यांची सकाळी साडेआठची नोंद. आधी वाऱ्याचे बाण काढा आणि दाबाचे आकडे लिहा, रेषा त्यानंतर. आणि काढलेली रेषा आणि नोंदलेला जोराचा वारा यांचा मेळ बसत नसेल, तर वाऱ्यावर शंका घेण्याआधी रेषा खोडा. दहातल्या नऊ वेळा चूक रेषेचीच असते.